पावणेसातचं रीडिंग

सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी वीज कंपनीला दोन पत्रं लिहिली. पहिलं सात ओळींचं होतं, ते वाया गेलं. दुसरं दोन पानांचं होतं, त्यावर काम झालं. मधे अख्खा पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर पहिलं पत्र लिहिलंच नसतं.

आमची इमारत बेळगावात वडगावच्या बाजूला, 2006 सालची. बत्तीस फ्लॅट, एक लिफ्ट, बोअरचा साडेसात एचपीचा पंप. गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसवलेला 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आमचा टीसी. (कोल्हापूरचे आमचे पाहुणे त्याला डीपी म्हणतात. इकडे लहान पोरगंसुद्धा 'टीसी उडला' असंच म्हणतं.) त्याच टीसीवर गल्लीतली बावीस घरं आणि मागच्या बाजूचे तीन मागाचे कारखानेही आहेत. इमारत झाली तेव्हा बेळगावात पंखा लावायलाही लोक विचार करायचे. बिल्डरनं दर फ्लॅटला दोन किलोवॅट मंजूर भार घेतला होता आणि तेव्हा तो पुरत होता.

2024 च्या जूनमध्ये करंट जायला सुरुवात झाली. सगळ्या भागाचा गेला तर कुणी काही म्हणत नाही. इथं फक्त आमचा टीसी जायचा. समोरच्या गल्लीत दिवे चालू आणि आम्ही अंधारात. आठवड्यातून तीन-चार वेळा, तेही सकाळी, डोक्याला साबण लावलेला असताना. 1912 ला फोन लावायचा, तक्रार नंबर घ्यायचा, तासाभरानं लाईनमन येणार, पेटीतला ब्रेकर वर करणार आणि जाणार. कधी तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत परत उडायचा.

मग मी पहिलं पत्र दिलं. 'आमच्या भागातील ट्रान्सफॉर्मर वारंवार ट्रिप होत असून रहिवाशांना अतोनात त्रास होत आहे. वृद्ध व विद्यार्थी यांची गैरसोय होते. तरी मोठा ट्रान्सफॉर्मर बसवून सहकार्य करावे.' खाली अठ्ठावीस सह्या. सह्यांचा मला फार अभिमान वाटला होता.

दहा दिवसांनी सेक्शन ऑफिसर स्वतः आले, हे मान्य करायला हवं. बरोबर लाईनमन, त्याच्या हातात टाँग टेस्टर. तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा, तार न तोडता करंट दाखवतो. पेटी उघडून एकेका फेजला तो लावला. 74, 51, 60. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लोडच इल्लरी, सर." लोडच नाही. 100 केव्हीएच्या टीसीला दर फेजला 133 अँपिअरपर्यंत चालतं, तुमचं सरासरी निम्मंही नाही. कुठंतरी लूज कनेक्शन असेल, बघून घ्या. वहीत आकडे लिहिले आणि गेले.

तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते.

यात त्यांचं काही चुकलं असं आजही मी म्हणत नाही. ऑफिस दहाला उघडतं, माणूस अकराला निघतो. बेळगावच्या पावसाळ्यात साडेअकराला आमच्या इमारतीत कपडे वाळवायला लावलेले पंखे सोडले तर काय चालू असतं? चूक माझीच. कधी उडतो ते मी पत्रात लिहिलंच नव्हतं.

आमचा जुना इलेक्ट्रिशियन आहे, तो बिल्डरच्या वेळेपासूनचा. त्याला बोलावलं. त्यानं आधी एकच विचारलं, "काका, उडायच्या आधी किती वेळ चालतो? चालू केल्या केल्या उडतो की तापून उडतो?" मला सांगता येईना. तो म्हणाला, तार तारेला लागली, फांदी पडली, तर ब्रेकर त्याच क्षणी पडतो, कधी आवाजही येतो. लोड जास्त झालं तर मात्र तो तापायला वेळ घेतो, दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास, आणि मग पडतो. आणि पडल्यावर गार झाल्याशिवाय नीट बसत नाही. दोन्हीला आपण 'उडाला' म्हणतो, पण रोग वेगळे.

त्या दिवशी वॉचमन मामांना दोनशे पानी वही आणून दिली. तारीख, गेला किती वाजता, आला किती वाजता, पाऊस-वारा होता की नाही, आणि कुणी सांगितलं तर त्या वेळी कुणाकडे काय चालू होतं. मामांचं अक्षर माझ्यापेक्षा बरं. 8 जुलैपासून 23 ऑगस्टपर्यंत, म्हणजे 47 दिवसांत, 19 वेळा टीसी गेला. त्यातले चौदा सव्वासहा ते आठच्या मधले, तीन संध्याकाळचे आणि दोन वादळी पावसातले, ते कधीही झालेले. चौदातले बहुतेक पावणेसातच्या आगेमागे.

वहीनं एक भांडणही मिटवलं. सोसायटीत सगळ्यांचा समज होता की मागांमुळे टीसी उडतो. दोन मीटिंगमध्ये तसे ठरावाचे मसुदेही झाले होते. पण माग सुरू होतात आठच्या पुढं. पावणेसातला कारखान्यांना कुलूप असतं, हे वही बघितल्यावर कुणाला नाकारता येईना. शिवाय मागांच्या मोटरी थ्री-फेजच्या, त्यांचा भार तिन्ही फेजवर सारखा पडतो. खोड आमच्याच न्हाणीघरांत होती.

आता सकाळी नेमकं काय होतं? बत्तीसपैकी सत्तावीस फ्लॅटमध्ये गिझर आहे. गच्चीवर सोलर आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नसतं, त्यामुळे सोलरच्या टाकीतली कॉइलही विजेवरच चालते. दोन हजार वॅटचा एक गिझर जवळजवळ नऊ अँपिअर घेतो. शाळेची बस साडेसातला. म्हणजे सव्वासहा ते सातमध्ये सगळी घरं एकदम पाणी तापवतात. त्यात वॉचमन मामा साडेसहाला बोअरचा पंप लावायचे, कारण टाकी भरायची ती वेळ पहिल्यापासून ठरलेली. उन्हाळ्यात एसीमुळे टीसी उडतो असं इतर शहरांत ऐकतो. आमच्याकडे मे महिना त्या मानानं शांत गेला होता. आमचा शत्रू पाऊस आणि गरम पाणी.

पण टीसीवर किती करंट येतो हे पेटी उघडून बघायचा अधिकार आपल्याला नाही आणि ते धोक्याचंही आहे. शेवटी लाईनमनला गाठलं. "मामा, एक दिवस सकाळी साडेसहाला याल काय? चहा-नाश्ता आमच्याकडं." तो हसला. 13 ऑगस्टला खरंच आला, रेनकोट घालून. सहा चाळीसला त्यानं टाँग टेस्टर लावला.

आर फेज 178, वाय फेज 96, बी फेज 121. न्यूट्रलमध्ये 73.

इलेक्ट्रिशियन शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "बघा काका, टीसी लहान आहे हे खरं, पण आधी तुमचं घर नीट करा." त्यानं मला तिथंच हिशेब करून दाखवला. तिन्ही फेजची बेरीज 395. तिनानं भागलं तर 132 येतात, म्हणजे टीसीच्या 133 च्या मर्यादेत, जेमतेम का होईना. पण आर फेजवर एकट्यावर 178. म्हणजे त्या फेजचं गुंडाळं चौतीस टक्के जास्त ओढत होतं, आणि वाय फेजवर मात्र बरीच जागा शिल्लक होती. तिन्ही फेजचा भार सारखा असता, तर न्यूट्रलमधून जवळपास काहीच वाहिलं नसतं. 73 अँपिअर हा त्या असमतोलाचाच पुरावा. ब्रेकर तीन पोलचा असतो. एका फेजनं हद्द ओलांडली की तिन्ही पाडतो.

हे कसं झालं? इमारत झाली तेव्हा मीटर रूममध्ये फ्लॅट फेजवर वाटले होते, तळमजला-पहिला एका फेजवर, असे मजल्यांप्रमाणे. पुढं कधी एखादी फेज गेली की लोक इलेक्ट्रिशियनला सांगून 'चालू' फेजवर जायचे आणि परत यायचे नाहीत. अठरा वर्षांत आर फेजवर पंधरा फ्लॅट जमले, वाय फेजवर आठ राहिले.

लाईनमननं त्या दिवशी दुसराही उपाय सुचवला, हळू आवाजात. ब्रेकरचं सेटिंग थोडं वर करून देतो, म्हणजे उडणार नाही. शेजारच्या एका गल्लीत तसं केलंय म्हणे. खरं सांगतो, मोह झाला. इलेक्ट्रिशियननं मला बाजूला घेतलं. ब्रेकर उडतोय म्हणून टीसी जिवंत आहे. सेटिंग वर केलं की उडणं थांबेल, आणि तापणं आतल्या तेलात आणि गुंडाळ्यात चालू राहील. एक दिवस टीसीच जळेल, मग तासाचा प्रश्न दिवसांचा होईल. लाईनमनला नको म्हणून सांगितलं. तोही सुटल्यासारखा वाटला.

24 ऑगस्टच्या शनिवारी दुपारी सेक्शन ऑफिसला कळवून करंट बंद करून घेतला. लाईनमनच्या समोर मीटर रूममधल्या सहा फ्लॅटच्या तारा आर फेजवरून हलवल्या, चार वायवर, दोन बीवर. मीटरच्या सीलला हात लावायचा नव्हता, त्यामुळे काम बसबारच्या बाजूनंच झालं. एका फेजच्या तारेच्या टोकावरच्या लगला काळपट कड आली होती, ती लग बदलली. पंपाची वेळ दुपारी दोनवर नेली. यावर मात्र चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तीन दिवस माझ्याशी अबोला धरला. सकाळी पंपाचा आवाज आला की त्यांना टाकी भरल्याचं समाधान वाटायचं.

पुढच्या आठवड्यात लाईनमननं पुन्हा सकाळचं रीडिंग दिलं: 139, 128, 131. पंप दुपारी गेला तरी बेरीज जवळजवळ तेवढीच, 398, कारण त्या दिवशी पाऊस जास्त होता आणि गारठाही. पण आता कुठलीच फेज एकटी मरत नव्हती. 25 ऑगस्टपासून सप्टेंबरअखेर 37 दिवसांत टीसी पाच वेळा गेला. त्यातला एक गणपतीत, मंडळाची रोषणाई लागल्यावर संध्याकाळी. आधी दर अडीच दिवसांना एकदा, आता आठवड्याला एकदा.

आणखी एक गोष्ट त्या महिन्यात लक्षात आली. करंट गेला की लोक गिझरचं बटण बंद करत नाहीत. तो आला की बत्तीस फ्लॅटचे फ्रीज, गिझर, सगळं एका क्षणात चालू होतं आणि पुन्हा उडतो. लाईनमन गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत का उडायचा ते आता कळलं. लिफ्टजवळ पाटी लावली, 'करंट गेल्यास गिझर बंद करा'. निम्म्यांनी पाळलं. निम्म्यांनी पाळणं हेही आमच्याकडे पुष्कळ.

एवढं केल्यावर मला वाटलं की आता मोठा टीसी मागायचा हक्क झाला. तिन्ही फेज सारखे करून, पंप हलवूनही टीसी सकाळी पूर्ण क्षमतेवर चालतो, ही गोष्ट आता आकड्यांत होती. वही आणि रीडिंग घेऊन सेक्शन ऑफिसरकडे गेलो. त्यांनी वही नीट वाचली, पानं उलटून. मग आमच्या बिलांचे आरआर नंबर कॉम्प्युटरवर टाकले आणि म्हणाले, "सर, तुमच्या फ्लॅटला मंजूर भार दोन किलोवॅट. एक गिझर म्हणजेच दोन किलोवॅट. मी एस्टिमेट केलं तर वर विचारतील, मंजूर भार एवढा असताना 250 चा टीसी कशाला? आधी लोड वाढवा, मग मी धरून लिहितो."

मला राग आला होता, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. कागदावर आम्ही 64 किलोवॅटची इमारत होतो आणि सामायिक मीटर धरून 74. घरांतली उपकरणं धरली तर भार त्याच्या कितीतरी वर. आम्ही जे मागत होतो, त्याची नोंदच कंपनीच्या दप्तरात नव्हती.

मग ती मीटिंग. भार वाढवायचा म्हणजे अनामत भरायची आणि दरमहा स्थिर आकार वाढणार, किलोवॅटमागे शंभराच्या वर. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न पहिला: "गृहज्योती जाईल काय?" ती मोफत विजेची सरकारी योजना युनिटवर चालते, दोनशे युनिटच्या आत, असं मी सांगितलं, पण काकूंनी सेक्शन ऑफिसला स्वतः विचारून आल्याशिवाय सही केली नाही. शहाणपणाचं केलं. दोघे म्हणाले, भाडेकरू गिझर वापरतो, पैसे मी का भरू? एकानं विचारलं, बिल्डरनंच तेव्हा जास्त लोड का घेतला नाही? बिल्डर आता गोव्यात असतो. दीड तासानं एकवीस फ्लॅटधारकांनी दोनाचे चार किलोवॅट करायला होकार दिला. अकरा जण राहिले. मी त्यांच्या मागं लागलो नाही. एकवीस गुणिले दोन म्हणजे बेचाळीस किलोवॅट वाढ कागदावर आली, तेवढी पुरेशी होती.

पत्र कन्नडमध्ये द्यायचं ठरलं. पहिलं मी इंग्रजीत दिलं होतं. मराठीत दिलं असतं तर कुणी नाकारलं नसतं कदाचित, पण ते ज्या टेबलांवरून जाणार होतं तिथं वाचलं गेलं नसतं. ही आमच्या भागातली जुनी दुखरी नस आहे, पण सकाळी पावणेसातला साबण डोळ्यांत गेलेला माणूस भाषेवर वाद घालत नाही. मी मराठीत लिहिलं. पहिल्या मजल्यावरची बारावीतली मुलगी कन्नड माध्यमातली, तिनं बसून उतरवलं. ट्रान्सफॉर्मरला ती 'परिवर्तक' म्हणाली. मी म्हटलं, शेजारी कंसात टीसीही लिही बाई, नाहीतर लाईनमनला कळायचं नाही. माझं मूळ मराठी पत्र असं होतं:

दिनांक: 4 ऑक्टोबर 2024

प्रति,
मा. सहाय्यक कार्यकारी अभियंता (विद्युत),
उपविभाग कार्यालय, बेळगाव
(सेक्शन ऑफिसर यांच्यामार्फत)

विषय: 100 केव्हीए टीसीवरील अतिभार व तो 250 केव्हीए करण्याबाबत

महोदय,

आमच्या इमारतीत 32 सदनिका असून त्यांना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या 100 केव्हीए टीसीवरून पुरवठा होतो. याच टीसीवर गल्लीतील 22 घरे व 3 माग कारखाने आहेत.

8 जुलै ते 23 ऑगस्ट या 47 दिवसांत हा टीसी 19 वेळा बंद पडला. त्यातील 14 वेळा तो सकाळी 6:15 ते 8 या वेळेत बंद पडला. नोंदवहीची प्रत जोडली आहे.

13 ऑगस्ट रोजी सकाळी 6:40 वाजता आपल्या कर्मचाऱ्यांनी घेतलेले रीडिंग: आर 178, वाय 96, बी 121, न्यूट्रल 73 अँपिअर. सकाळी 11:30 वाजता घेतलेल्या आधीच्या रीडिंगमध्ये भार कमी दिसला, कारण त्या वेळी गिझर बंद असतात.

भारातील असमतोल आमच्या बाजूने होता. तो 24 ऑगस्ट रोजी आपल्या कर्मचाऱ्यांच्या उपस्थितीत दूर केला. पंपाची वेळ दुपारी 2 केली. त्यानंतरचे सकाळचे रीडिंग 139, 128, 131 आहे. म्हणजे समतोल साधूनही टीसी सकाळी पूर्ण क्षमतेवर चालतो व 37 दिवसांत पाच वेळा बंद पडला.

आमच्या 21 सदनिकांचा मंजूर भार 2 वरून 4 किलोवॅट करण्याचे अर्ज सोबत आहेत. आरआर नंबर यादीत दिले आहेत. नियमाप्रमाणे होणारी रक्कम आम्ही भरू.

तरी 100 केव्हीएच्या जागी 250 केव्हीएचा टीसी द्यावा, अथवा भार विभागून दुसरा 100 केव्हीएचा टीसी द्यावा. जागेची अडचण असल्यास आवारात फाटकाशेजारी साडेतीन बाय चार मीटर जागा देण्याचा ठराव केला आहे, त्याची प्रत जोडली आहे. मीटर रूमपर्यंतची केबल बदलण्याचा खर्च सोसायटी करील.

पाहणीसाठी येताना कृपया सकाळी 6:30 ते 7:15 ही वेळ घ्यावी.

आपला विश्वासू,
सेक्रेटरी

शेवटची ओळ मुलीनं काढायला लावली होती, 'साहेबांना उद्धट वाटेल' म्हणून. मी ठेवली. पोचपावतीवर शिक्का घेतला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक.

दुसरा पर्याय का लिहिला, ते इलेक्ट्रिशियनमुळे. तो म्हणाला, 250 चा टीसी वजनानं कितीतरी जड, जुन्या दोन खांबांवर तो चढवतीलच असं नाही. नकार देण्याचं कारण आपणच आधी संपवायचं. साहेबांनीही पुढं तेच सांगितलं: स्टोअरमध्ये शंभरनंतर सरळ 250 येतो, मधला नाही, आणि 250 ला ओटा लागेल. जागेचा ठराव तिथं कामी आला. नाहीतर रस्त्याकडेला ओटा बांधायला महापालिकेची परवानगी, आणि ते प्रकरण मी बघायलाही राहिलो नसतो.

ऑक्टोबरच्या शेवटी साहेब आले. सकाळी सव्वासहाला, स्कूटरवरून, कानाला मफलर. रीडिंग स्वतः घेतलं, लाईनमनच्या आकड्यांपेक्षा दोन-तीन अँपिअर इकडेतिकडे. त्यांनी चहा घेतला नाही, पण गच्चीवर जाऊन सोलरच्या टाक्या मोजल्या. "नोडोणरी," म्हणाले. बघूया. या शब्दात होही असतो आणि नाहीही, इतकी वर्षं इथं राहून मला तो अजून नीट वाचता येत नाही.

नोव्हेंबरमध्ये अनामत भरली. एस्टिमेट उपविभागातून वर गेलं, डिसेंबरच्या शेवटी मंजुरी आली. मग टीसी उपलब्ध नाही म्हणून दोन महिने थांबलो. या काळात दर पंधरा दिवसांनी आवक क्रमांक घेऊन जात राहिलो, भांडायला नव्हे, फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराची माणसं आली. ओटा बांधला, अर्थिंगसाठी खड्डे घेतले, जाळीचं कुंपण केलं. आमची मीटर रूमपर्यंतची केबल 70 स्क्वेअर एमएमची होती. तिच्या जागी 185 ची टाकली. ती टाकली नसती तर मोठा टीसी दाराशी येऊनही करंट त्याच जुन्या अरुंद वाटेनं आला असता. चालू करायच्या दिवशी सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेचारपर्यंत बंद होता. आजोबांनी मला सांगितलं की पूर्वी एवढा वेळ कधी जात नव्हता.

जुना टीसी क्रेननं उतरवून ट्रकवर चढवला. लाईनमन म्हणाला, दुरुस्त करून खेड्याकडं कुठंतरी बसवतील.

या जुलैत मी मुद्दाम लाईनमनला एका सकाळी बोलावलं. सहा पन्नासला रीडिंग: 186, 171, 178. नव्या टीसीला दर फेजला 333 चालतात, म्हणजे अजून बरीच जागा. पण हे आकडे गेल्या वर्षीपेक्षा जवळजवळ पस्तीस टक्के वाढले आहेत हे बघून मी लाईनमनकडे बघत राहिलो. तो हसून म्हणाला, "आता उडत नाही म्हटल्यावर दुसरा गिझरपण लावतात की." ज्या अकरा जणांनी भार वाढवला नाही, त्यातले कितीजण यात असतील हे मी विचारलं नाही.

मामांची वही अजून चालू आहे. मार्चपासून आतापर्यंत दोनच नोंदी. एक वळवाच्या पावसात, फांदी पडली, लगेच गेला. दुसरी 19 जूनची, सकाळी सात दहा. त्यापुढं मामांनी लिहिलंय: सगळ्या वडगावचा गेला, आपला टीसी नाही.